प्रोफॉर्मालाच पक्के बिल करण्याची सोपी रीत

इचलकरंजीतल्या आपल्या कारखान्याने नाशिकच्या गिऱ्हाइकाला चार लाखांचे यंत्र द्यायचे ठरवले आहे आणि आगाऊ रकमेसाठी २० मार्चला प्रोफॉर्मा, म्हणजे विक्रीआधीचे कच्चे बिल, काढायचा आहे, असे धरू. त्यासाठी वेगळी क्रममालिका ठेवण्याची चैन आपण मुळीच करू नये. पक्क्या बिलांच्या मालिकेतला पुढचा क्रमांक त्याला देऊन टाकावा, म्हणजे सौदा फिसकटला तर मालिकेत पडलेल्या खिंडाराचा खुलासा करण्याची संधी पुढे लेखापरीक्षणात आपल्याला आपसूक मिळेल. प्रोफॉर्मा म्हणजे विक्री नव्हे, त्यावर खरेदीदाराला करवजावट मिळत नाही, असे सल्लागार म्हणतील, पण सल्लागारांना उत्साह कमीच असतो.

अठरा टक्के जीएसटी धरून ४,७२,००० रुपयांच्या या प्रोफॉर्मावर गिऱ्हाइकाने ४० टक्के, म्हणजे १,८८,८०० रुपये पाठवले. मालाच्या आगाऊ रकमेवर १५ नोव्हेंबर २०१७ पासून ती मिळताच कर भरावा लागत नाही (सेवांच्या रकमेवर मात्र लागतो), तेव्हा या टप्प्यावर आपल्याला चुकायला फारसा वाव नाही.

खरी कर्तबगारी माल रवाना होताना, १२ एप्रिलला दाखवावी. संगणकातला प्रोफॉर्मा उघडून वरचे शीर्षक तेवढे बदलावे आणि तारीख २० मार्चचीच राहू द्यावी. करबीजक, म्हणजे पक्के बिल, माल हलवताना किंवा त्याआधी काढायचे असते, त्यामुळे तीन आठवडे आधीची तारीख चुकीची कशी, असा बिनतोड युक्तिवाद आपल्यापाशी आहेच. तेवढ्यात आर्थिक वर्ष बदलले, एप्रिलमध्ये पाठवलेला माल मार्चच्या विक्रीत जाऊन बसला आणि साठ्याच्या नोंदीत तो ३१ मार्चला गोदामातच दिसतो, असल्या बारकाव्यांनी विचलित होऊ नये.

आता ८,००० रुपये वाहतूक खर्च धरून करपात्र किंमत ४,०८,००० रुपये, कर ७३,४४० रुपये आणि एकूण ४,८१,४४० रुपये होतात. आगाऊ रक्कम वजा जाता २,९२,६४० रुपये उरतात. संपूर्ण किमतीचे बिल करून त्याखाली प्रोफॉर्माचा संदर्भ आणि आगाऊ रकमेची वजावट दाखवणे हे रटाळ माणसांचे काम आहे. आपण उरलेल्या रकमेचेच बिल करावे. त्यातून करपात्र किंमत २,४८,००० रुपये आणि कर ४४,६४० रुपये निघतो, म्हणजे २८,८०० रुपयांचा कर, जो आगाऊ रकमेत दडलेला होता, कागदावर कुठेच उमटत नाही. सरकारला तो मिळत नाही आणि गिऱ्हाइकाला मिळणारी करवजावट दाखवणाऱ्या जीएसटीआर-२बी या विवरणातही दिसत नाही.

गिऱ्हाइकाच्या हिशेबनिसाचा फोन मग महिनाभरात येतोच. त्याला आपण अगदी शांतपणे जुना प्रोफॉर्मा पुन्हा पाठवावा.