मुलाने की मुलांनी, काका?

मी तपासतेय त्या कथेच्या पुस्तकाचं दुसरं प्रूफ आज लेखक काकांकडून परत आलं. पान ४७ वरची माझी दुरुस्ती लाल पेनानं खोडलीय आणि बाजूला लिहिलंय, "तसंच ठेवा. हे इंदुरी मराठी आहे, पुण्याचं नाही!!!" तीन उद्गारचिन्हं. नाव लिहीत नाही, काका माझ्या लिस्टमध्येच आहेत, वाचतील.

काका, मी इंदूरच्या रामबागेत वाढलेली बाई आहे हो. मला तुम्ही इंदुरी शिकवता?

वाक्य असं आहे, "मुलानी दिवा मालवला." कथा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वाड्यात खाली वहिनी आणि त्यांचा एकुलता बंडू, वर भाडेकरूंची तीन पोरं. रात्री जिन्यातला दिवा कोणीतरी मालवतं, आजी अंधारात पडते, आणि पुढची पंधरा पानं बंडू त्या अपराधात जळतो. आता सांगा, 'मुलानी' म्हणजे कोणी? बंडूने, म्हणजे मुलाने? की त्या सगळ्या कार्ट्यांनी, म्हणजे मुलांनी? बोलताना आपण दोन्हीला 'मुलानी'च म्हणतो, समोरच्याला कळतं कारण आपण बोट दाखवतो, नाहीतर तो विचारतो "कोणत्या रे?" वाचणारा कोणाला विचारणार? मी तिथे 'मुलाने' केलं आणि बाजूला प्रश्नचिन्ह टाकलं, तेवढंच. त्यावर पुणेरी असल्याचा आरोप!

आणि गंमत म्हणजे हा 'नी' इंदुरी नाहीच. पुण्यात जाऊन ऐका, सदाशिव पेठेतसुद्धा "आईनी सांगितलं" असंच म्हणतात. तुम्ही ज्यांच्याशी भांडताय त्यांचीच सवय छातीशी धरून बसलाय.

आपलं खरं इंदुरी कोणतं ते तुमच्याच पुस्तकात आहे. आजी म्हणते, "मी येऊन राहिली ना रे, थांब जरा." त्याला मी हात लावला का? एका ठिकाणी कंपोझिंगवाल्याने ते 'येते आहे' करून टाकलं होतं, पहिल्या प्रुफात मी ते खोडून परत 'येऊन राहिली' केलं, खाली टिंबं देऊन, की पुन्हा कोणी हलवू नये. माझी आजी असंच बोलायची. तो संवाद वाचताना मी पेन खाली ठेवलं होतं थोडा वेळ, हेही सांगून टाकते.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांतसुद्धा पात्राच्या तोंडी बोलण्यातली रूपं चालतात, आणि तुमच्या निवेदनातलं 'केलं', 'गेलं'ही मी तसंच ठेवलंय, कारण त्यानं कोणाचा घोळ होत नाही. पण त्याच नियमांत अनेकवचनाच्या सामान्यरूपावर अनुस्वार द्यायला सांगितलाय. लोकांना, मुलांनी, घरांपुढे. तो टिळा लावून मिरवायला नाही, एक की अनेक हे कळावं म्हणून आहे. आदरार्थीसुद्धा द्यायचा असतो. तुम्ही फोनवर म्हणालात ना, "आजीनी यात माया आहे, आजीने कोरडं वाटतं"? मग 'आजींनी' लिहा ना! माया राहते, मानही राहतो. पण पान १२ वर आजीनी, १३ वर आजीने, २० वर आजींनी, ही कोणती बोली? हा नुसता कंटाळा आहे.

बरं, प्रमाण मराठी म्हणजे शेवटी एका भागातल्या लोकांचीच बोली, आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठीला 'हिंदाळलेली' म्हणून नाकं मुरडली गेली, हे मान्य. मीही ऐकलंय ते. राग आहेच. पण त्या रागापायी बंडूचा बळी का?

परत त्या वाक्यावर येते, कारण रात्रीपासून डोक्यात तेच आहे. वाचक तिथे अडखळला आणि त्याला वाटलं सगळ्या पोरांनी मिळून दिवा मालवला, तर बंडू एकटा का रडतोय हेच त्याला कळणार नाही. पंधरा पानं फुकट. इतकी चांगली कथा एका मात्रेसाठी घालवायची? मला नाही बघवत.

तुमचा भाचा म्हणे फाइंड-रिप्लेसनं 'नी'चं 'ने' करून देतो, दोन मिनिटांचं काम. कृपा करून करू देऊ नका. 'त्यांनी'चं 'त्यांने' होईल आणि वहिनीचं 'वहिने'. हे हातानंच बघावं लागतं, वाक्यागणिक.

तर संवाद जसेच्या तसे. निवेदनातला प्रत्येक संशयास्पद 'नी' मी पेन्सिलीनं गोल केलाय. शेजारी फक्त 'एक' किंवा 'अनेक' लिहा, आजीपुढे 'मान' लिहा. शुक्रवारी फाइल प्रेसला जाते, त्यानंतर एक ओळ हलली तरी पुढची पानं सरकतात आणि पैसे तुम्हाला पडतात. उद्या संध्याकाळी मी घरीच आहे, या, लाल पेन घेऊन आलात तरी चालेल.