‘ने’ने आणलाय नुसता वैताग

दहापैकी चार. लेकीची हिंदीची वही काल हातात आली आणि माझं डोकंच फिरलं. स्वाध्याय साधा होता. दहा वाक्यं वर्तमानकाळात दिलेली, ती सामान्य भूतकाळात लिहायची. सहा वाक्यांवर लाल फुल्या. नुसत्या फुल्या! का चुकलं, कुठे चुकलं, एक अक्षर नाही. आणि वरच्या चौकटीत नियम छापलेला, तोही ठळक अक्षरात: भूतकाळात सकर्मक क्रियापद असेल तर कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं.

अहो, हे आमच्या पोरांना कशाला सांगताय? ‘रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली’ हे मराठी पोर तीन वर्षांचं असल्यापासून बोलतंय. ज्याच्या भाषेत ‘ने’ नाहीच, त्याला हा नियम नवलाचा वाटेल. आम्हाला तो पाठ आहे. आमची पोरं फसतात ती मराठीचा ‘ने’ एकीकडे आणि हिंदीचा भलतीकडे जातो तिथे. आणि नेमकं तेच कुणी शिकवत नाही.

पहिलं वाक्य घ्या. ‘मैं रोटी खाता हूँ।’ लेकीने लिहिलं ‘मैं रोटी खाई।’ फुली. आता ती असं का लिहिते, याचा विचार करायला किती वेळ लागतो? मराठीत ‘मी पोळी खाल्ली’ म्हणतो. ‘मीने’ म्हणतो का? मी, तू, आम्ही, तुम्ही यांना मराठीत हा ‘ने’ दिसतच नाही, तो फक्त तिसऱ्या माणसाला लागतो. हिंदीत मात्र सगळ्यांना: मैंने, तूने, हमने, तुमने. म्हणजे पोरीने क्रियापद बरोबर वळवलं होतं, ‘खाई’ अगदी कर्माप्रमाणे आलं होतं, फक्त ‘मैं’चं ‘मैंने’ करायचं राहिलं. ‘मराठीतल्या मी-तूला हिंदीत ने जोडा’ एवढं एक वाक्य चौकटीत छापलं असतं तर वर्गातल्या निम्म्या फुल्या वाचल्या असत्या. पण नाही.

पुढचं वाक्य बघून मात्र मी खरंच चिडले. ‘माँ आम लाती है।’ लेकीने लिहिलं ‘माँ ने आम लाया।’ फुली. आणि ती माझ्याशी भांडायला लागली, की आई, नियमाप्रमाणेच तर लिहिलंय! बरोबर आहे तिचं. आणणे सकर्मक, आंबा कर्म, काळ भूत. शिवाय मराठीत ‘आईने आंबा आणला’ असंच म्हणतात. नियमही तेच सांगतो, मायबोलीही तेच सांगते, आणि उत्तर चूक! कारण हिंदीत ‘लाना’ला ‘ने’ चालत नाही. ‘माँ आम लाई।’ क्रियापद आंब्याला सोडून आईच्या मागे जातं, म्हणून ‘लाया’चं ‘लाई’. कारणही सोपं आहे. ‘लाना’ म्हणजे मुळात ‘ले आना’, घेऊन येणे. येणं अकर्मक, म्हणून ‘ने’ नाही. मराठीत ‘आई आंबा घेऊन आली’ म्हणून बघा, तिथेही ‘ने’ गळून पडतो. पोरीला हे सांगितलं तर तिला अर्ध्या मिनिटात पटलं. आता बाजारातल्या गाइडात हेच वाक्य काय छापलंय माहितीये? ‘माँ ने आम लाया।’ बाई फुली मारतात आणि गाइड बरोबर म्हणतं. पोराने कुणाचं ऐकायचं?

याच्या बरोब्बर उलटा घोळ तिसऱ्या वाक्यात. ‘दादाजी पानी पीते हैं।’ तिने लिहिलं ‘दादाजी पानी पिए।’ आमच्या घरी ‘आजोबा पाणी प्यायले’ असंच बोलतात, ‘आजोबांनी’ नाही. मराठीत अशी क्रियापदं आहेतच, कर्म असूनही कर्त्याला ‘ने’ न लावणारी. ताई गाणं शिकली. ताई साडी नेसली. तो काहीतरी म्हणाला. हिंदीत जाताना या सगळ्यांना ‘ने’ चिकटतो: दादाजी ने पानी पिया, दीदी ने गाना सीखा, दीदी ने साड़ी पहनी, उसने कुछ कहा. आणि मग गंमत म्हणजे ‘तो बोलला’चं ‘वह बोला’च राहतं, ‘विसरला’चं ‘भूल गया’ राहतं, ‘भेटला’चं ‘मिला’ राहतं. म्हणजे म्हणाला आणि बोलला ही मराठीत शेजारीशेजारी बसणारी भावंडं हिंदीत वेगळ्या घरी राहतात. त्यात आणखी शिंकणं, खोकणं, थुंकणं. कर्म नावालाही नाही, तरी हिंदीत ‘उसने छींका, उसने खाँसा, उसने थूका’. चौकटीतला तो ठळक नियम इथे काय तोंड दाखवणार?

मोजून दहा-बारा क्रियापदं आहेत ही. एका पानावर मावतील. मराठीत ‘ने’ नाही पण हिंदीत आहे, ती एका बाजूला. मराठीत आहे पण हिंदीत नाही, जसं आणणे, ती दुसऱ्या बाजूला. झालं. पण स्वाध्यायात दहापैकी सात वाक्यं कुठली? राम फल खाता है, सीता पुस्तक पढ़ती है, मोहन चित्र देखता है. ‘ने’ लावण्यापुरती जी पोरांना झोपेतही जमतील तीच.

झोपेतही जमतील म्हटलं खरं, पण त्यातही एक खोड आहेच. ‘सीता आवाज़ सुनती है।’ पोरीने लिहिलं ‘सीता ने आवाज़ सुना।’ ‘ने’ बरोबर, तरी फुली, कारण हिंदीत ‘आवाज़’ स्त्रीलिंगी. ‘सुनी’ हवं. आता मला सांगा, ही चूक ‘ने’ची आहे का? वर्तमानकाळात क्रियापद सीतेकडे बघतं, त्यामुळे आवाजाचं लिंग माहीत नसलं तरी वाक्य निभावतं. भूतकाळात कर्ता ‘ने’च्या मागे जाऊन लपतो, क्रियापदाला कर्माकडे बघावं लागतं, आणि तुमचं अज्ञान उघडं पडतं. मराठीत तो आवाज, तो चहा, तो विजय, तो आत्मा, ते नाक. हिंदीत ही पाचही स्त्रीलिंगी! पुस्तकाचं बघा, मराठीत ते पुस्तक, हिंदीत ‘सीता ने पुस्तक पढ़ी’. नपुंसकलिंग हिंदीत नाहीच, तेव्हा आमच्या ‘ते’वाल्या शब्दांची फाळणी कशी झाली हे एकेक करून पाठ करायला हवं. मग ते पाठ करून घ्या ना! ‘ने’चा धडा म्हणून लिंगाची परीक्षा कशाला घेता?

‘को’ची कथा तर ऐकूच नका. नाही, ऐकाच. कर्माला ‘को’ लागला की हिंदी क्रियापद कर्माकडेही बघायचं सोडून देतं आणि सरळ पुल्लिंगी एकवचनात जाऊन बसतं. ‘माँ ने बेटी को सुलाया।’ बेटा असो, बेटी असो, दहा बेटियाँ असोत, ‘सुलाया’च. लेकीने लिहिलं होतं ‘सुलाई’. का? कारण आपण घरात सर्रास ‘आईने मुलीला निजवली’ म्हणतो. मुलीला ‘ला’ लावतो तरी क्रियापद मुलीप्रमाणे वळवतो. मराठी व्याकरणात याला रीतसर नाव आहे, कर्मभावसंकर. म्हणजे पोरगी बेशिस्त नाही, ती मराठी आहे! तिच्या मैत्रिणीने तर ‘राम ने सीता को देखे’ लिहिलंय. ‘पाहिले’ला ‘देखे’, यमक जुळतं की. आपलं ‘पाहिले’ इथे नपुंसकलिंगी एकवचन आहे, हिंदीचं ‘देखे’ पुल्लिंगी अनेकवचन. कानाला सारखं, व्याकरणात दोन टोकं. असं ‘ले’ दिसलं की हिंदीत ‘आ’ करायचं, ‘देखा’, हे सांगायला कुणाच्या जिभेला हाड होतं?

आणि त्या नियमाने केलेलं खरं नुकसान तर पुढच्या स्वाध्यायात दिसलं, अपूर्ण भूतकाळाच्या. तिथे लेकीने लिहिलंय ‘राम ने रोटी खा रहा था।’ मी वाचून थक्क! मराठीत ‘रामाने पोळी खात होता’ असं कुठलंही पोर, कितीही झोपेत, म्हणणार नाही. तिच्या डोक्यात बरोबर उत्तर जन्मापासून होतं. चौकटीत ‘भूतकाळात ने’ असं सरसकट छापलं म्हणून तिने स्वतःचं बरोबर पुसून नियमातलं चूक लिहिलं. ‘ने’ पूर्ण झालेल्या क्रियेला लागतो: खाया, खाया है, खाया था. ‘खाता था’ला नाही, ‘खा रहा था’ला नाही. ‘खा चुका’, ‘खा सका’, ‘खाने लगा’ यांनाही नाही. यातलं बरंचसं मराठीतही तसंच आहे. राम खाऊ शकला, राम खाऊ लागला. पोरांना एवढंच म्हणा की मराठीत म्हणून बघ. पण मराठीचा आधार घ्यायचा म्हणजे हिंदीच्या तासाला जणू पाप!

(मोठी माणसं तरी कुठे सुटलीत? ‘उसने जाना चाहिए’ हे मी आजवर शेकडो वेळा ऐकलंय. ‘त्याने जावे’चा ‘ने’ उचलून तसाच ठेवलेला. हवं ‘उसे जाना चाहिए’. पण ते जाऊ दे, तो भूतकाळ नाही.)

काल रात्री आम्ही दोघी बसलो. गाइड बाजूला ठेवलं. दोन रकाने आखले, आपल्याकडे ‘ने’ आणि त्यांच्याकडे ‘ने’, आणि एकेक क्रियापद बोलून बोलून टाकलं. ‘आणणे’ आलं तेव्हा ती स्वतःच म्हणाली, घेऊन येणे, म्हणजे नाही. आज पूर्ण भूतकाळाची पाच वाक्यं होती. ‘माँ आम लाई थी’ बरोबर. ‘मैंने रोटियाँ खाई थीं’ हेसुद्धा बरोबर, अनुस्वार ‘थीं’वरच, ‘खाई’वर नाही, हे बारीक प्रकरणही जमलं. नुसतं ‘खाईं’ असतं तर तो ‘ई’वर द्यावा लागला असता, तेही तिने मला सांगितलं. मी खूश.

शेवटच्या वाक्यावर लाल गोल. ‘रामने पानी पिया था।’ ने बरोबर, पिया बरोबर, था बरोबर. हिंदीत नामापासून ‘ने’ सुटा लिहितात आणि सर्वनामाला जोडून, मराठीत कायम जोडून. ‘राम’ आणि ‘ने’ यांच्यामध्ये बोटभर जागा सोडली नाही म्हणून अर्धा गुण कापला. शेरा? काही नाही. नुसता गोल.