दोन खिडक्या आहेत, पण एकाच भिंतीला!

आज पुन्हा तसाच प्लॅन समोर आला आणि डोकं फिरलं. पुण्याजवळ एक गुंठ्याचा प्लॉट, वायव्य कोपऱ्यात दहा बाय बाराची बेडरूम. पश्चिम आणि उत्तर अशा दोन भिंती बाहेरच्या. आणि ३ बाय ४ च्या दोन्ही खिडक्या पश्चिमेच्याच भिंतीत, शेजारी शेजारी! विचारलं तर उत्तर, "दोन दिल्यात की."

अहो, वाऱ्याला आत यायला वाट हवी तशी बाहेर पडायलाही हवी. एकाच भिंतीतल्या दोन खिडक्यांवर वाऱ्याचा दाब जवळपास सारखाच असतो, म्हणून हवा खिडकीपाशीच घुटमळते. पलंगावरचा माणूस घामाघूम.

त्याच खोलीत एक खिडकी पश्चिमेला दक्षिणेकडच्या टोकाला ठेवा आणि दुसरी उत्तरेच्या भिंतीत पूर्वेकडच्या टोकाला सरकवा. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा खोली तिरकी कापून जातो. खर्च तेवढाच. उत्तरेचा उजेड दिवसभर मऊ, डोळ्यांवर येत नाही. पश्चिमेची खिडकी मात्र लहानच ठेवा, कारण संध्याकाळचं ऊन इतकं खालून येतं की दीड फुटाचा छज्जा त्याला अडवत नाही. तिथे बाहेरून पडदा किंवा झाड हवं.

खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून अडीच फुटांवर घ्या. साडेतीन फुटांवर घेतला तर वारा झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरून जातो.

आणि स्लायडिंग! दोन पल्ल्यांची ३ बाय ४ ची खिडकी कागदावर १२ चौरस फूट, उघडते फक्त ६. त्यावर मच्छरजाळी बसली की वारा आणखी मंदावतो. बाहेर उघडणारे पल्ले जवळजवळ पूर्ण मोकळे होतात. पाऊस आत येतो, जागा लागते, मान्य. पण मग स्लायडिंगच हवी असेल तर खिडकी मोठी घ्या ना.

सगळ्यात जास्त वाईट व्हेंटिलेटरचं वाटतं. खिडकीवरचा लिंटेल सात फुटांवर, स्लॅब दहावर. मधली गरम हवा रात्रभर तिथेच कोंडते. उत्तरेच्या भिंतीत बीमच्या खाली दीड फूट उंचीचा उघडणारा झरोका दिला तर ती निघून जाते. लोक तिथे फिक्स काच बसवतात! उजेड येतो, हवा नाही.

या खोलीची उत्तरेची भिंत शेजाऱ्याला चिकटलेली असती तर? तेव्हा पर्याय कमी, हे खरं. मग हॉलकडच्या दारावर ३ बाय १ ची उघडणारी झडप, आणि हॉलच्या पूर्वेच्या भिंतीत रात्री उघडी ठेवता येईल अशी जाळीची खिडकी. दार लावलं की वाऱ्याची वाट बंद होते, हे प्लॅनवर कुणीच पाहत नाही, कारण प्लॅनवर दार कायम उघडंच काढलेलं असतं.

प्लॅन पाठवणाऱ्यांचं जोतं अजून व्हायचंय. उत्तरेची भिंत आज कागदावर खोडरबरनं बदलता येते. गवंड्याने लिंटेल भरल्यावर ब्रेकर लावावा लागेल.