नोंद घेण्यात यावी

अहवाल लिहायला बसलात की सगळ्यात आधी कर्त्याची सोय लावा. तो वाक्यात दिसला की कोणीतरी त्याला प्रश्न विचारतं, आणि मे महिन्यात नागपुरात प्रश्नांना उत्तरं देण्याइतकी ताकद कोणातच नसते. त्यासाठी मराठीत ‘-ण्यात आले’ हा रामबाण उपाय आहे. ‘वगळण्यात आले’, ‘ठेवण्यात आले’, ‘निदर्शनास आणून देण्यात आले’. कोणी, हे कोणालाच ठाऊक नाही. कूलरसमोर बसल्यासारखं वाटतं.

माझाच अनुभव सांगतो. आमच्या प्रयोगशाळेत नाल्याच्या पाण्याचा एक नमुना बीओडीसाठी आला होता. पाण्यातले जिवाणू घाण खाताना किती ऑक्सिजन संपवतात, त्याचं हे माप. आपल्याकडे बाटल्या 27 अंश सेल्सियसला 3 दिवस ठेवायची पद्धत आहे. आम्ही 300 मिलीच्या चार बाटल्या घेतल्या. दोनमध्ये नमुना 6 मिली आणि दोनमध्ये 15 मिली टाकला. उरलेली जागा हवा खेळवलेल्या विरलन-पाण्याने भरली. सुरुवातीला प्रत्येकीत लिटरमागे 7.4 मिलिग्रॅम ऑक्सिजन होता.

इथपर्यंत कर्ता खरंच नको असतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. ‘बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड टाकण्यात आले, साका आम्लात विरघळवण्यात आला, निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेटने टायट्रेशन करण्यात आले’, हे वाक्य वाचताना ब्युरेट कोणाच्या हातात होता याने कोणाचंच काही अडत नाही. मी केलं काय, शेजारच्याने केलं काय, निळा रंग जायचा तो जातो. वाचकाला बाटली आणि रसायन पाहायचं असतं, हात नाही. तर असली कामं बिनधास्त ‘-ण्यात’मध्ये ढकला, कोणी काही म्हणणार नाही. पण खरी मजा पुढे आहे, तिथे कर्ता लपवायला कौशल्य लागतं.

तीन दिवसांनी 15 मिलीच्या दोन्ही बाटल्यांत ऑक्सिजन उरला होता 0.2. नियम असा की शेवटी किमान 1 उरला पाहिजे आणि किमान 2 खर्च झाला पाहिजे, नाहीतर ती बाटली धरायची नाही. 6 मिलीच्या दोन्ही बाटल्यांत 4.1 उरला, म्हणजे 3.3 गेला. 300 भागिले 6 म्हणजे 50 पट, म्हणून बीओडी 165. मी टेचात लिहिलं: ‘दोन बाटल्यांची वाचने वगळण्यात आली.’

काय वाक्य आहे! कोणत्या दोन, कोणी, का, आकडे पाहण्याआधी की पाहिल्यावर, यातलं एकही त्यातून बाहेर पडत नाही. नियमाने वगळलेली बाटली आणि आकडा आवडला नाही म्हणून वगळलेली बाटली या वाक्यात अगदी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. तुम्हीही निर्णयाच्या जागा अशाच झाका. हाताने केलेलं काम कोणीही केलं तरी तेच असतं. वगळणं, गृहीत धरणं, जुळवून घेणं हे मात्र डोक्याने केलेलं काम, आणि डोकं कोणाचं ते वाचकाला कळता कामा नये.

आता वीज. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली होती. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस तापमान असताना आपल्याकडचा इन्क्युबेटर तापवायला नाही, थंड ठेवायला राबत असतो. तो बंद पडला की आतलं तापमान चढतं, जिवाणू जास्त वेगाने ऑक्सिजन संपवतात आणि आकडा फुगतो. 165 मधला किती नाल्याचा आणि किती उन्हाळ्याचा, हे तापमानाच्या वहीवरून कळलं असतं. वही उघडली. त्या तीन दिवसांचे रकाने कोरे.

कोरे का, तर भिंतीवर सूचना होती: ‘इन्क्युबेटरच्या तापमानाची नोंद दररोज घेण्यात यावी.’ मला वाटलं, अटेंडंट घेतो. अटेंडंटला वाटलं, साहेब घेतात. सूचनेने आम्हा दोघांवर सारखीच माया केली होती. कामाची सूचना लिहायची असेल तर हा नमुना जपून ठेवा. ‘सकाळी 10 वाजता पाळीवरच्या विश्लेषकाने तापमान लिहावे’ असं काही लिहिलंत तर उद्या कोणीतरी खरोखर लिहून बसेल.

मग अहवालात मी लिहिलं, ‘वीजपुरवठा काही काळ खंडित झाल्याचे आढळून आले.’ ‘आढळून आले’ हे तर फारच सोज्वळ. जणू मी रस्त्याने जात होतो आणि ते मला आढळलं. आमच्या वरिष्ठांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्या वाक्यावरच बोट ठेवलं.

‘‘वगळण्यात आली? कोणं वगळली बे?’’

‘‘सर, म्हणजे... वगळण्यात...’’

‘‘अन् वीज किती तास नव्हती?’’

‘‘नोंद घेण्यात आलेली नाही, सर.’’

‘‘कोणं नाही घेतली, ते सांग ना.’’

माणूस असा खोदून विचारायला लागला की ‘-ण्यात’ची तटबंदी ढासळते. शेवटी त्यांनी माझ्याकडून जे लिहून घेतलं ते लाजिरवाणं आहे: ‘15 मिलीच्या दोन्ही बाटल्यांत ऑक्सिजन 1 पेक्षा कमी उरला, म्हणून आम्ही त्या धरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वीज गेली. इन्क्युबेटर किती वेळ बंद होता ते सांगता येत नाही, कारण मी तापमानाची नोंद घेतली नाही. त्यामुळे 165 हा 27 अंशांचा बीओडी आहे असे आम्ही म्हणत नाही. नमुना पुन्हा घ्यावा लागेल.’ आकडा गेला आणि अब्रूही गेली. अहवाल मात्र वाचणाऱ्याला कळायला लागला, आणि असं घडू द्यायचं नसतं.

शाळेतले व्याकरणाचे गुरुजी इथे खुश होतील, कारण ‘मी नोंद घेतली नाही’ हाही त्यांच्या लेखी कर्मणीच, क्रियापद नोंदीच्या मागे चालतं. पण त्यात ‘मी’ पोलिसांनी धरल्यासारखा उभा आहे. तेव्हा ‘कर्मणी टाळा’ म्हणणाऱ्यांना घाबरू नका, त्यांनी तो सल्ला इंग्रजीतून तसाच उचललेला असतो. इंग्रजीत कर्म पुढे आणायचं तर वाक्याचा प्रयोगच बदलायला लागतो. मराठीत ‘बाटल्या आम्ही बर्फात ठेवल्या’ म्हटलं की बाटल्याही पुढे येतात आणि आम्हीही घरातच राहतो. म्हणून ‘बाटल्यांवर भर द्यायचा होता, सर’ ही सबब आपल्या भाषेत टिकत नाही. दुसरी शोधा.

‘शास्त्रीय भाषेत मी-आम्ही चालत नाही’ ही सबब बरी होती. पण 1672 मध्ये न्यूटनने रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात ‘मी लोलक मिळवला’ असं सरळ लिहिलंय, आणि 1953 मध्ये डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन-क्रिक यांचा लेख ‘आम्ही’ने सुरू होतो. या लोकांना आमच्या ऑफिसात एखादी टिपणी लिहायला बसवायला हवं होतं.

परवा भिंतीवरची सूचना बदलली. आता ती लॅमिनेट केलेली आहे: ‘इन्क्युबेटरच्या तापमानाची नोंद दररोज काटेकोरपणे घेण्यात यावी.’ काल वही पाहिली. सोमवार कोरा, मंगळवार कोरा. बुधवारच्या रकान्यात अटेंडंटने पेन्सिलीने लिहिलंय: ‘घेण्यात आली.’