हळदीचा डाग, लिंबू-सोडा आणि आपलं ऊन

«पांढऱ्या सुती कपड्यावर हळदीचा किंवा रश्श्याचा डाग पडला की लगेच लिंबू आणि खायचा सोडा एकत्र करून चोळा, वरून उकळतं पाणी ओता. डाग लाल झाला म्हणजे समजा निघतोय. कपडा उन्हात मात्र वाळवू नका, डाग पक्का होतो. सर्वांना पाठवा.»

उन्हाचा मुद्दा शेवटचा असला तरी आधी तोच घेतो, कारण यात सगळ्यात उलटं तेच सांगितलंय. हळदीच्या पिवळ्या रंगाला कर्क्युमिन म्हणतात आणि त्याला ऊन अजिबात सोसत नाही. उजेडाने तो रंग तुटतो. हळदीत रंगवलेलं कापड विटतं ते त्यामुळेच. एप्रिल-मे मधलं विदर्भाचं ऊन फुकट मिळतं, आणि हा मेसेज तेच टाळायला सांगतो! तर्रीतल्या मिरचीचा तांबडा रंगही उन्हात फिका होतो. डाग पक्का करते ती इस्त्री. तेल पूर्ण निघालं नसताना गरम इस्त्री फिरवली की ते धाग्यात बसतं.

आता लाल रंग. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. साबण आणि धुण्याचा सोडाही चुन्यासारखेच क्षारयुक्त, म्हणून डागाला लागले की तोही लालसर होतो. आमच्या वहिनीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती घाबरलीच, "अवो, हे तं रक्तासारखं झालं!" पण डाग निघालेला नसतो, बिघडलेलाही नसतो. नीट खंगाळलं की पुन्हा पिवळा. याचा उपयोग तपासणीला होतो: धुतल्यावर त्या जागी ओला साबण टेकवा. लाली आली तर हळद अजून आत आहे.

लिंबू आणि सोडा एकत्र केले की फेस येतो आणि काहीतरी जोरात चाललंय असं वाटतं. खरं तर आंबट आणि क्षार एकमेकांना मारतात. फेस म्हणजे सुटलेला वायू, उरतं ते खारट पाणी. त्याने ना तेल निघतं ना रंग.

उकळत्या पाण्याबद्दल एवढंच, की हळद सुती कपड्याला तुरटीशिवायही धरते आणि रंगारी कापड चांगलं रंगावं म्हणून भांडं तापवतो. ताज्या डागावर उकळतं ओतलं तर तेच काम आपण करतो, शिवाय तेल पसरतं.

मग करायचं काय? मागच्या उन्हाळ्यात लग्नाच्या पंगतीत भाच्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर वांग्याच्या भाजीची तर्री सांडली. हळद वायगावची होती. वर्धा जिल्ह्यातल्या या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिचं नाव आहे ते जास्त कर्क्युमिनसाठी. म्हणजे रंगही तसाच चिवट.

आधी चमच्याच्या कडेने भाजी उचलली, चोळली नाही. कोरडं बेसन दाबून दहा मिनिटं ठेवलं, झटकलं, मग डागाच्या उलट बाजूने थंड पाणी सोडलं. भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब बोटाने लावून पंधरा मिनिटं तसंच ठेवलं. हळद तेलातून कपड्यात शिरते, म्हणून आधी तेल. मग कोमट पाण्यात धुण्याची पावडर टाकून तासभर भिजवला. विहिरीच्या जड पाण्यात वडीचा साबण फुटतो, त्याचा चिकट थर कपड्यावर बसतो, पावडर बरी.

फुल ऑटोमॅटिक मशीन असेल तर कॉटनचा प्रोग्राम, ४० अंश. क्विक वॉश नको, त्यात डिटर्जंटला वेळच मिळत नाही. आमच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हीटर नाही, म्हणून कोमट पाणी बादलीने ओतलं. मशीनमधून निघालेल्या सदऱ्यावर फिकट पिवळा डाग होताच. तो ओलाच, डाग वर करून दोरीवर टाकला आणि सुकत आला की पाणी शिंपडत राहिलो. संध्याकाळपर्यंत अर्धा गेला, दुसऱ्या दिवशी दिसेना.

पिवळेपणा गेला पण वाळल्यावर गडद गोल दिसतो, पाण्याचा थेंब तिथे जिरत नाही? ते तेल. परत लिक्विड लावा, ऊन त्याचं काही करत नाही.

पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येतं. लेबलवर ६ टक्के असेल तर तेवढंच पाणी मिसळा, डागावर अर्धा तास ठेवा आणि खंगाळा. क्लोरीनचं ब्लीच हा अगदी शेवटचा उपाय, तोही फक्त शंभर टक्के सुती पांढऱ्यासाठी: पाच लिटर थंड पाण्यात दोन मोठे चमचे, दहा मिनिटं. त्यात लिंबू किंवा व्हिनेगर चुकूनही नको, विषारी वायू सुटतो. रेशीम आणि लोकर तर त्यात घालूच नका.