चार पाइल म्हणजे लोडचे चार सारखे भाग नव्हेत

“कॉलमचा लोड पाइलच्या संख्येने भागा, झाला हिशोब. तीनपेक्षा चार पाइल केव्हाही सुरक्षित, कारण एखादा कच्चा निघाला तरी उरलेले तीन सांभाळून घेतात. आणि पाइल जितके जवळ, तितकी कॅप छोटी नि पक्की.”

पाइल कॅपबद्दल साइटवर असं सर्रास ऐकू येतं. आधी भागाकार बघू. एक उदाहरण धरतो आणि शेवटपर्यंत तेच वापरतो. कॉलमचा लोड 240 टन, पाइलचा व्यास 500 मिमी, दोन पाइलच्या मध्यांतलं अंतर तीन व्यास, म्हणजे 1500 मिमी. कॉलम गटाच्या बरोबर मध्यबिंदूवर असेल, त्याच्यासोबत मोमेंट येत नसेल आणि सगळे पाइल सारखेच दबणारे असतील, तर चारांवर 60-60 टन आणि तिघांवर 80-80 टन हे बरोबर आहे. पण प्रत्यक्षात कॉलम बहुधा थोडा तरी मोमेंट घेऊनच खाली येतो. तो 30 टन-मीटर धरा. आता प्रत्येक पाइलचा वाटा P/n ± M·y/Σy² असा निघतो. यात P म्हणजे कॉलमचा लोड, n म्हणजे पाइलची संख्या, M म्हणजे मोमेंट आणि y म्हणजे गटाच्या मध्यापासून त्या पाइलचं, मोमेंट ज्या दिशेने कलंडवतो त्या दिशेत मोजलेलं अंतर. चार पाइलच्या चौकोनात y 0.75 मीटर आणि Σy² 2.25. म्हणजे एका बाजूचे दोन पाइल 70 टन घेतात, दुसऱ्या बाजूचे 50.

तीन पाइलच्या त्रिकोणात मात्र मोमेंट नुसता उलटा फिरला तरी उत्तर बदलतं. टोकाचा पाइल मध्यापासून 866 मिमीवर असतो, पायाकडचे दोन 433 मिमीवर, आणि Σy² फक्त 1.125. मोमेंट टोकाचा पाइल दाबत असेल तर त्याच्यावर 80 अधिक 23, म्हणजे 103 टन येतात आणि मागच्या दोघांवर साधारण 68-68. तोच मोमेंट उलटा फिरला तर टोकावर 57 आणि पायाच्या दोघांवर 91-92. भूकंपाचा किंवा वाऱ्याचा मोमेंट दोन्हीकडून येऊ शकतो, म्हणून तीन पाइलच्या कॅपसाठी सगळ्या दिशा तपासाव्या लागतात. एकाच दिशेचा हिशोब करून फाइल बंद केलेली मी पाहिली आहे. ती चूक ड्रॉइंगवर दिसत नाही, कारण ड्रॉइंगमध्ये त्रिकोण अगदी नीटनेटका असतो.

मोमेंट शून्य असला तरी सुटका नाही. कॉलमचे स्टार्टर बार गटाच्या मध्यापासून टोकाकडे 75 मिमी सरकले, एवढंच झालं तरी टोकाचा पाइल 80 वरून 94 टनांवर जातो. चार पाइलच्या चौकोनात एका बाजूकडे तेवढंच सरकलं तर त्या बाजूचे दोन 66 वर जातात. म्हणून पाइल हेड तोडून झाल्यावर प्रत्येक पाइलचा मध्य प्रत्यक्ष कुठे आला ते मोजायचं आणि कॅपचं स्टील बांधायच्या आधी त्या मोजमापांवर हिशोब पुन्हा करायचा. हे काम एका दुपारचं आहे.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारा मुद्दा. उरलेले तीन सांभाळून घेतात, हे चार पाइलच्या बाबतीत खरं नाही. चौकोनाच्या कोपऱ्यांना क्रमाने क, ख, ग, घ म्हणा. कॉलम बरोबर मध्यावर आहे. ख आणि घ यांना जोडणाऱ्या कर्णाभोवती तोल मांडून बघा. कॉलम त्या कर्णावरच उभा आहे, म्हणून एका बाजूचा क आणि दुसऱ्या बाजूचा ग यांना सारखाच लोड घ्यावा लागतो. क ने काहीच लोड घेतला नाही तर ग सुद्धा काही घेऊ शकत नाही. सगळे 240 टन ख आणि घ या दोघांवर येतात, प्रत्येकी 120. म्हणजे ठरवल्याच्या दुप्पट. अडीच सुरक्षा गुणांक ठेवून डिझाइन केलेल्या पाइलचा गुणांक अशा वेळी सव्वावर येतो.

इतकी टोकाची अवस्था क्वचितच येते. पण अर्धी अवस्था नेहमीची आहे. बोअर केल्यावर तळाशी गाळ बसतो आणि काँक्रीट त्याच्यावर पडतं. तो पाइल मोडत नाही, पण लोड घेताना जास्त दबतो. बाकीचे पाइल 60 टनांखाली 5 मिमी दबतात आणि क तेवढ्याच लोडला 10 मिमी दबतो, असं धरा. कॅप ताठ आहे, म्हणजे तिचा तळ सपाटच राहतो. हिशोब केला की क आणि ग वर 48-48 टन येतात, ख आणि घ वर 72-72. कच्चा पाइल हलका झाला, त्याच्या समोरचा चांगला पाइलही विनाकारण हलका झाला, आणि शेजारच्या दोघांनी सगळं ओझं उचललं.

हे ओळखताही येतं. कॅपच्या चार कोपऱ्यांवर लेव्हल घेत राहिलात तर पाइलच्या जागी क 8 मिमी, ग 4 मिमी आणि ख, घ 6-6 मिमी खाली गेलेले दिसतील. एक कोपरा खाली, समोरचा वर, उरलेले दोन मधोमध. असा नमुना दिसला की खाली गेलेल्या कोपऱ्याच्या पाइलचं रेकॉर्ड काढा: बोअरची खोली आणि काँक्रीट ओतायच्या अगदी आधी वजन बांधलेल्या टेपने मोजलेली खोली. दोन्हींतला फरक म्हणजे तळाचा गाळ.

तीन पाइलमध्ये हा प्रकार होत नाही. तीन टेकूंवरचं वजन कसं वाटलं जाईल हे फक्त जागांवरून ठरतं, कोण किती दबतो यावरून नाही. क तिथे दुप्पट दबला तरी प्रत्येकावर 80 टनच राहतात. कॅप मात्र तिरकी होते: क 13 मिमी खाली, बाकीचे जेमतेम 7. म्हणजे तीन पाइलच्या कॅपला जागेची चूक झोंबते आणि चार पाइलच्या कॅपला एखाद्या पाइलचा कच्चेपणा. कॉलम आणि प्लिंथ बीम कॅपला तिरकं होऊ देत नाहीत, त्यामुळे खरे आकडे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतात. पण त्याची किंमत म्हणून कॉलमच्या तळाशी डिझाइनमध्ये न धरलेला मोमेंट येतो.

राहिला पाइल जवळ ठेवण्याचा मुद्दा. आयएस 2911 मध्ये किमान अंतर पाइल लोड कसा उतरवतो त्यावरून दिलं आहे: खडकावर टेकलेल्यांना दोन व्यास, कडक स्तरावर टेकलेल्यांना अडीच, आणि बाजूच्या घर्षणावर उभ्या असलेल्यांना तीन. घर्षणाचे पाइल त्याहून जवळ आले की एकाच मातीकडून दोघेही आधार मागतात, आणि सगळा गट मधल्या मातीसकट एकच ठोकळा होऊन खाली जाऊ शकतो. शिवाय मोमेंट पेलायची भुजाही घटते. आपल्या चौकोनात अंतर 1000 मिमी केलं तर त्याच 30 टन-मीटरला 70 आणि 50 च्या जागी 75 आणि 45 येतात.

अंतर वाढवत नेणंही परवडत नाही. चार पाइलच्या कॅपमध्ये चौकोनाच्या प्रत्येक बाजूच्या स्टीलवर येणारा ताण साधारण P·s/(8d) असतो. s म्हणजे पाइलमधलं अंतर, d म्हणजे कॅपची प्रभावी खोली. 900 मिमी खोलीला 1500 मिमी अंतरावर तो 50 टन होतो, 2000 मिमीवर 67. कॉलमची रुंदी यात धरलेली नाही, त्यामुळे आकडे थोडे चढेच आहेत. आणि हे स्टील पाइलच्या डोक्यावरून, पाइल ते पाइल जायला हवं. जाळी सगळीकडे सारखी पसरली तर त्यातल्या मधल्या सळ्या हा ताण थेट घेत नाहीत.