चेक बिट १, २, ४, ८ वरच का, आणि दोन बिट उलटले तर काय?

नेरूळहून आलेली प्रतिक्रिया: “लेख वाचला. चेक बिट १, २, ४, ८ या जागी ठेवायचे, एवढं सांगून तुम्ही पुढे गेलात. का, ते कुठेच नाही. सगळे चेक बिट शेवटी ठेवले तर काय बिघडतं? शिवाय तुमच्याच `N` च्या उदाहरणात मी १० आणि ११ क्रमांकाचे बिट उलटवून पाहिले, तर उत्तर आलं १. धड असलेला बिट बिघडवणाऱ्या पद्धतीला दुरुस्ती कसं म्हणायचं? कॉलेजात पाठ करून घेतात, तेच तुम्हीही केलंत.”

नमस्कार. तो लेख हॅमिंग कोडवर होता : डेटासोबत काही जादा चेक बिट पाठवायचे, म्हणजे वाटेत एखादा बिट उलटला तर तो कोणता ते शोधून दुरुस्त करता येतं. शेवटचा टोमणा बाजूला ठेवतो, कारण दुसरा प्रश्न तुम्ही स्वतः आकडे मांडून विचारला आहे आणि तसं फार थोडे लोक करतात. दोन्ही प्रश्नांची मुळं एकाच ठिकाणी आहेत, तेव्हा आधी तिथे जाऊ.

रिचर्ड हॅमिंग बेल लॅब्जमध्ये रिले स्विचवर चालणाऱ्या गणनयंत्रावर काम करायचे. शनिवार-रविवारी यंत्रापाशी कुणी नसे. गणित चालू असताना चूक सापडली की यंत्र ते काम सोडून पुढच्या कामाला लागे. चूक झाली हे यंत्राला कळतं, मग कुठे झाली हे का कळू नये, असा त्यांचा त्रागा होता. त्याचं उत्तर त्यांनी १९५० साली छापलं. त्यातली युक्ती अशी : प्रत्येक बिटला क्रमांक द्यायचा, तो क्रमांक बायनरीत लिहायचा आणि बिघडलेल्या बिटच्या क्रमांकातला एकेक अंक एकेका तपासणीने शोधून काढायचा. पहिली तपासणी फक्त त्या जागांची, ज्यांच्या क्रमांकात एकम स्थानी १ आहे : १, ३, ५, ७, ९, ११. दुसरी तपासणी दोनाच्या स्थानी १ असलेल्यांची : २, ३, ६, ७, १०, ११. तिसरी चाराच्या : ४, ५, ६, ७, १२. चौथी आठाच्या : ८ ते १२. प्रत्येक गटात एकांची संख्या सम ठेवायची. एखाद्या गटात ती विषम निघाली, तर बिघडलेल्या बिटच्या क्रमांकात त्या स्थानी १ आहे. सम निघाली, तर ०. चार तपासण्या झाल्या की क्रमांक पूर्ण.

चार तपासण्यांची उत्तरं सोळा प्रकारची येऊ शकतात. आठ डेटा बिट आणि चार चेक बिट मिळून बारा जागा, अधिक “सगळं ठीक” हे एक, अशी तेरा उत्तरं खर्ची पडतात. तीन तपासण्यांत आठच उत्तरं मिळाली असती आणि अकरा जागांना ती पुरली नसती. सोळातली तीन उत्तरं, १३, १४ आणि १५, मोकळी राहिली. ती लक्षात असू द्या, पुढे लागणार आहेत.

आता `N` हे अक्षर. त्याचा आस्की संकेत ७८, म्हणजे 01001110. हे आठ बिट चेक बिटच्या जागा सोडून डावीकडून भरले की शब्द असा होतो :

```
स्थान   1 2 3 4 5 6 7 8 9 10 11 12
डेटा    . . 0 . 1 0 0 . 1 1  1  0
चेक     1 0 . 1 . . . 1 . .  .  .
शब्द    1 0 0 1 1 0 0 1 1 1  1  0
```

पहिल्या गटातले डेटा बिट ३, ५, ७, ९, ११ या जागांवर आहेत. त्यांत एक तीन आहेत, म्हणून १ क्रमांकाचा चेक बिट १. दुसऱ्या गटात १० आणि ११ हे दोनच, म्हणून चेक बिट ०. चाराच्या गटात फक्त पाचव्या जागी एक, म्हणून १. आठाच्या गटात ९, १०, ११ हे तीन, म्हणून १.

हे भरणं इतकं सरळ झालं, याचं कारण चेक बिटच्या जागा. १, २, ४, ८ हे क्रमांक बायनरीत लिहिले तर प्रत्येकात एकच १ असतो, म्हणून त्या जागेवरचा बिट एकाच गटात मोडतो. चारही चेक बिट नुसत्या डेटावरून, एकमेकांची वाट न पाहता काढता येतात. आता ४ ऐवजी ३ ही जागा चेक बिटला देऊन बघा, म्हणजे चेक बिट १, २, ३, ८ वर. चाराच्या गटात मग ४, ५, ६, ७, १२ हे सगळे डेटाचेच बिट उरतात. त्यांची बेरीज विषम आली, तर ती सम करायला त्या गटात कुणीच नाही. तिथे पद्धत अडतेच, नुसती गैरसोय होते असं नाही.

तुमचा प्रस्ताव शेवटच्या चार जागांचा : डेटा १ ते ८ वर, चेक बिट ९ ते १२ वर. गंमत म्हणजे हे चालतं. पण किंमत मोजावी लागते. चाराच्या गटातून १२ सरळ मिळतो. बाकीचे तीन मात्र गुंतलेले आहेत. पहिल्या गटात ९ आणि ११ आहेत, दुसऱ्यात १० आणि ११, तर आठाच्या गटात चारही. म्हणजे दुसऱ्या आणि आठाच्या गटांची बेरीज करून ९ काढायचा, त्यावरून ११, मग १०. कागदावर हे पाच मिनिटांचं काम आहे. मेमरी कंट्रोलरमध्ये मात्र प्रत्येक चेक बिटसाठी लागणारी साखळी जेवढी आखूड तेवढी बरी. आणखी एक मार्ग आहे : क्रमांक १, २, ४, ८ हेच ठेवायचे आणि हे बिट प्रत्यक्षात वेगळ्या चिपवर बसवायचे. क्रमांक गणिताचा, जागा तारेची. कोणती तार कोणत्या क्रमांकाची, हे दोन्ही टोकांना माहीत असलं म्हणजे झालं.

आता बिघाड. `N` पाठवला आणि वाटेत फक्त दहावा बिट उलटला. हाती आलं 100110011010. दुरुस्त न करता डेटा वाचला तर तो 01001010, म्हणजे `J`. गट तपासू. पहिल्यात एक चार, ठीक. दुसऱ्यात फक्त अकरावा, विषम. चाराच्या गटात दोन, ठीक. आठाच्या गटात तीन, विषम. नापास झाले दोन आणि आठ, बेरीज १०. दहावा बिट परत उलटवला की `N`. या बेरजेला सिंड्रोम म्हणतात. गट न मांडताही ती निघते, कारण ज्या जागांवर १ आहे त्यांच्या क्रमांकांचा एक्सॉर घेतला, म्हणजे बायनरीत प्रत्येक स्थानी एक विषम असतील तिथे १ आणि सम असतील तिथे ० लिहिला, की तोच आकडा येतो :

```python
w = "100110011010"
s = 0
for i, b in enumerate(w, 1):
    if b == "1":
        s ^= i
print(s)   # 10
```

`enumerate` मधला तो १ विसरू नका. मोजणी ० पासून केली तर पहिल्या जागेचा क्रमांक ० होतो, आणि शून्य कोणत्याच गटात बसत नाही. तिथला बिट उलटला तरी सगळ्या तपासण्या “ठीक” म्हणतात. मुलांच्या प्रोग्रॅममध्ये “एक बिट सोडून बाकी सगळे सापडतात” अशी तक्रार आली की मी आधी हीच ओळ बघतो. दुसरा नेहमीचा घोळ दिशेचा असतो. काही पुस्तकं क्रमांक उजवीकडून देतात. पाठवणारा डावीकडून आणि घेणारा उजवीकडून मोजत असेल, तर निकोप शब्दालाही सिंड्रोम येऊ शकतो.

आता तुमचा प्रयोग. दोन बिट उलटले की सिंड्रोम हा त्या दोन क्रमांकांचा एक्सॉर असतो. १० म्हणजे 1010, ११ म्हणजे 1011, एक्सॉर 0001. म्हणून १. दोन पत्ते एकमेकांत मिसळले आणि कुरियरवाल्याने तिसऱ्याच घराची बेल वाजवली, तसं. पद्धत पहिला बिट उलटवते. तो चेक बिट आहे, म्हणून डेटाला हात लागत नाही आणि 01001000, म्हणजे `H`, दुरुस्त झालेलं अक्षर म्हणून पुढे जातं. शब्दात आता तीन चुका आहेत आणि चारही तपासण्या समाधानी आहेत.

तुम्ही १० आणि ७ उलटवले असते, तर सिंड्रोम १३ आला असता. तेरावी जागाच नाही, त्यामुळे एकापेक्षा जास्त बिट गेले हे उघड झालं असतं. मघाशी मोकळी राहिलेली तीन उत्तरं ती हीच. पण त्यांच्यावर विसंबता येत नाही. बारा जागांतून दोन निवडायच्या ६६ जोड्या होतात. त्यांतल्या १५ जोड्यांचाच एक्सॉर १३, १४ किंवा १५ येतो. उरलेल्या ५१ जोड्या तुम्हाला बेधडक चुकीच्या बिटकडे पाठवतात. ही पद्धत एका चुकीसाठी बांधली आहे. दोन चुका झाल्या तर ती नुसती थांबत नाही, चुकीची दुरुस्ती करते, आणि तुमचा आक्षेप तिथपर्यंत बरोबर आहे.

यावरचा इलाज स्वस्त आहे : सगळ्या शब्दातल्या एकांची संख्या सम करणारा आणखी एक बिट, म्हणजे पॅरिटी बिट. आपल्या शब्दात एक सात आहेत, म्हणून तेरावा बिट १ आणि एकूण आठ. एक बिट उलटला तर एकूण संख्या विषम होते, तेव्हा सिंड्रोमवर विश्वास ठेवून दुरुस्ती करायची. दोन उलटले तर संख्या समच राहते, पण सिंड्रोम शून्य नसतो. ही विसंगती दिसली की काहीही न उलटवता “दुरुस्त होणार नाही” एवढंच कळवायचं. हा जादा बिट ० क्रमांकाच्या जागेवर ठेवण्याचीही रीत आहे. मघाशी घात करणारी ती जागा इथे कामाला येते, कारण सिंड्रोमवर तिचा काहीच परिणाम होत नाही.

महापे-ऐरोली पट्ट्यातल्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरना लागणारी मेमरी याच हिशोबाची असते. डीडीआर४ च्या ईसीसी, म्हणजे चुका दुरुस्त करणाऱ्या, मेमरीत ६४ डेटा बिटमागे ८ जादा बिट असतात : सात बिघडलेल्या बिटचा पत्ता काढण्यासाठी, आठवा या दुहेरी चुकीच्या पहाऱ्यासाठी. लिनक्सवर मेमरीतल्या चुका मोजणारा ईडॅकचा ड्रायव्हर चालू असेल तर दोन्ही मोजण्या दिसतात :

```
cat /sys/devices/system/edac/mc/mc0/ce_count
cat /sys/devices/system/edac/mc/mc0/ue_count
```

पहिला आकडा दुरुस्त झालेल्या चुकांचा, दुसरा न झालेल्यांचा. पहिला अधूनमधून एखाद्याने वाढला तर घाबरायचं कारण नाही. तो एकाच मेमरी पट्टीवर सारखा वाढत असेल तर मात्र पट्टी बदलायची, कारण जिथे एक बिट वारंवार जातो तिथे दुसरा सोबतीला जायला वेळ लागत नाही. दुसरा आकडा शून्यावरून हलला, तर त्या वेळी मेमरीत जे होतं ते खरं धरायचं नाही.

तेरा बिटांचा शब्द घेऊन तुमचा प्रयोग पुन्हा करा. १० आणि ११ उलटवले की सिंड्रोम १ आणि एकूण संख्या सम, म्हणून पद्धत हात आखडता घेईल. मग त्याच्या जोडीला १ क्रमांकाचा बिटही उलटवा. सिंड्रोम ० होतो, एकूण संख्या विषम. पद्धत म्हणेल की फक्त तेरावा पॅरिटी बिट बिघडलाय, डेटा शाबूत आहे, आणि `H` पुन्हा निर्धास्तपणे हातात ठेवेल. तीन चुकांसाठी या घराण्यातले कोड पुरत नाहीत, तिथे बीसीएच किंवा रीड-सॉलोमन अशा जास्त चुका पेलणाऱ्या कोडकडे जावं लागतं.